हॅव, यस्टरडे आणि आमचे हिशेबवाले काका

ऑफिसात एकदा का तुमच्यावर 'याचं इंग्रजी बरं आहे' असा शिक्का बसला, की तुमचं स्वतःचं काम संपलंच समजा. पगार वाढत नाही, खुर्ची बदलत नाही, फक्त टेबलाभोवतीची गर्दी वाढते. "जरा एक नजर टाक ना," असं म्हणत लोक येतात आणि मेल पाठवण्याआधी माझ्या पुढ्यात ठेवतात. स्पेलिंगची मला काळजी नसते, ती संगणक बघून घेतो. माझा रक्तदाब वाढवतं ते एकच वाक्य, आणि ते जवळपास प्रत्येक मेलमध्ये असतं: 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे.'

या वाक्याचे सर्वांत निष्ठावान लेखक म्हणजे आमचे हिशेबवाले काका. त्यांची आकडेमोड अशी चोख, की त्यांच्या बेरजेत खोट काढायची कुणाची छाती नाही. त्यामुळे इंग्रजीतसुद्धा आपली बेरीज बरोबरच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. परवा ते एक मेल घेऊन आले. परदेशी ग्राहकाने विचारलं होतं, अहवाल कुठे आहे? काकांचं उत्तर असं होतं: 'आय हॅव ऑलरेडी सेंट द रिपोर्ट यस्टरडे. आय हॅव जस्ट नाऊ चेक्ड माय इनबॉक्स. आय स्टिल हॅव नॉट रिसीव्ड युअर रिप्लाय.'

"काका, पहिल्या वाक्यातला हॅव काढा."

"का? गेलाय ना अहवाल!"

"गेलाय. पण यस्टरडे आहे ना शेवटी."

"मग? कालच गेलाय!"

इथे काकांचं काय चुकलं म्हणाल, तर मराठीच्या हिशेबाने काहीच नाही. 'मी काल अहवाल पाठवला आहे' हे वाक्य आपण रोज बोलतो आणि कुणाची भुवई उंचावत नाही. आपल्या 'आहे'ला कालचं वावडं नाही. जर्मन आणि फ्रेंच माणसंही बोलताना असं वाक्य खुशाल वापरतात. त्यांचा हॅवसारखा शब्द आणि त्यांचा 'काल' एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. कुरकुर करतं ते इंग्रजी. हे वागणं इतकं चमत्कारिक, की भाषाशास्त्रज्ञही त्याला कोडंच म्हणतात. वोल्फगांग क्लाइन या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1992 साली यावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'कोडं' हा शब्द आहे. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. म्हणजे चूक इंग्रजीची होती.

मग त्यांना पटेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं. म्हटलं, "काका, मागच्या वर्षाची वही बंद झाली, ताळेबंद झाला, सही झाली. आता तुम्ही त्यात चालू वर्षाची नोंद कराल?"

"कसं शक्य आहे!" काकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना अफरातफर करायला सांगत होतो.

"यस्टरडे ही बंद झालेली वही. हॅव ही चालू वहीतली नोंद. या काळाचं नावच बघा, प्रेझेंट परफेक्ट. नावातच वर्तमान आहे. 'आय हॅव सेंट' म्हणताना बोलणारा आत्ताच्या परिस्थितीबद्दल बोलतो: अहवाल तुमच्याकडे आलेला आहे, शोधा. कधी पाठवला हा प्रश्न तिथे येतच नाही. 'आय सेंट इट यस्टरडे' म्हटलं, की काल काय घडलं ते सांगून झालं."

काका बराच वेळ गप्प बसले. माझ्या आयुष्यातला तो दुर्मीळ क्षण होता. मग म्हणाले, "म्हणजे एक तर हॅव ठेवायचा, नाहीतर यस्टरडे. पण कुठला?"

हा प्रश्न खरा. शाळेत वाक्य दुरुस्त करायला सांगतात, पण दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते हे सांगत नाहीत, आणि दोन्हींचा अर्थ सारखा नसतो. ग्राहकाला 'तुम्ही विचारायच्या आतच काम झालंय' असं सुनवायचं असेल, तर 'आय हॅव ऑलरेडी सेंट द रिपोर्ट'. ऑलरेडीत 'तुम्हाला वाटलं त्याच्या आधीच' असा एक छोटासा तोरा असतो. तारीख सांगून त्याला मेलबॉक्स शोधायला लावायचं असेल, तर 'आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे'. काकांना तोराही हवा होता आणि तारीखही. शेवटी दोन वाक्यं केली: 'आय हॅव ऑलरेडी सेंट द रिपोर्ट. आय सेंट इट यस्टरडे इव्हिनिंग.' इंग्रजी माणूस बोलतो साधारण असंच. आधी हॅवने बातमी द्यायची आणि मग तपशिलात शिरताना साध्या भूतकाळात उतरायचं. म्हणून 'व्हेन' आला की हॅव मागे राहतो. 'व्हेन डिड यू सेंड इट?' असंच विचारायचं, 'व्हेन हॅव यू सेंट इट?' असं नाही.

दुसऱ्या वाक्यातला 'जस्ट नाऊ' त्या मानाने किरकोळ. 'आय हॅव जस्ट चेक्ड' ठीक, 'आय चेक्ड जस्ट नाऊ' ठीक. पण नाऊ जोडला की तो 'थोड्या वेळापूर्वी' असा ठरावीक वेळ होऊन बसतो आणि हॅवला नकोसा होतो. काकांनी नाऊ खोडला. त्यांच्या मते एक शब्द वाचला, हा निव्वळ नफा.

तिसऱ्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, पण ग्राहक दुखावला असता. 'आय स्टिल हॅव नॉट रिसीव्ड' म्हणजे 'अजूनही मिळालं नाही हो!' आणि त्यातली चीड वाचणाऱ्याला ऐकू येते. 'आय हॅव नॉट रिसीव्ड युअर रिप्लाय येट' म्हणजे नुसतं 'अजून आलं नाही, येईल म्हणून वाट बघतोय'. येट शेवटी बसतो, गरीब स्वभावाचा असतो आणि बहुतेक वेळा नकारात किंवा प्रश्नातच भेटतो. आपल्याकडे दोन्हींना 'अजून' म्हणून भागतं. राग आहे की नुसती वाट पाहणं, ते आवाजावरून कळतं. मेलला आवाज नसतो.

येट आणि ऑलरेडीची अदलाबदल झाली की काय होतं, ते काकांनी त्याच आठवड्यात दाखवून दिलं. ग्राहकाने लिहिलं, 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' काका लाल. "बघ, घाई करतोय!" त्यांनी विलंबाची कारणं देणारं लांबलचक उत्तर तयार केलं होतं, वीज गेल्याच्या उल्लेखासकट. त्यांना थांबवताना माझी तारांबळ उडाली. घाई करायची असती तर त्याने 'हॅव यू फिनिश्ड येट?' विचारलं असतं. ऑलरेडी म्हणजे 'इतक्यात झालंसुद्धा?' बिचारा चकित झाला होता. कौतुक करणाऱ्या माणसाला आम्ही माफीनामा पाठवणार होतो.

एवढं सगळं समजल्यावर काका फार सावध झाले, आणि तेच जास्त त्रासदायक ठरलं. एकदा 'धिस मॉर्निंग' असलेलं वाक्य घेऊन आले. 'आय हॅव कॉल्ड द बँक धिस मॉर्निंग.' म्हटलं, सकाळ चालू असेपर्यंत चालेल, कारण वही अजून उघडी आहे. दुपारी मात्र 'आय कॉल्ड द बँक धिस मॉर्निंग' लिहावं लागेल. काकांनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा मिनिटं कमी होती. "अरे, मेल लवकर पाठव रे कुणीतरी," ते ओरडले, "बारा वाजले की हॅव जाईल!" तेव्हापासून ऑफिसात बारा वाजण्याला एक नवाच अर्थ आला आहे.

आता सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच साहेबांनी घोटाळा केला. एका राहून गेलेल्या पत्रकावरून ते काकांना म्हणाले, "यू शुड हॅव सेंट इट यस्टरडे!" एरवी काका असं बोलणं ऐकून खट्टू झाले असते. त्या दिवशी ते धावतच माझ्याकडे आले, चेहऱ्यावर सबंध वर्षाचा नफा. "साहेबांच्या वाक्यात हॅव आणि यस्टरडे एकत्र! आता बोल!"

बोलावं लागलं. साहेब बरोबर होते, आणि कारण मोठं मजेशीर आहे. 'आय सेंट'मधला भूतकाळ क्रियापदाच्या रूपातच असतो. शुडच्या पुढे मात्र भूतकाळाचं रूप ठेवता येत नाही. 'शुड सेंट' असं इंग्रजीत होतच नाही. मग भूतकाळ दाखवायचा कसा? तिथे तो सगळा भार हॅव उचलतो. म्हणजे या वाक्यातला हॅव वर्तमानाची नोंद करत नाही, कालच्या 'सेंट'चीच बदली ड्युटी करतो. मे, माइट, मस्ट यांच्यामागेही तेच. 'ही मस्ट हॅव लेफ्ट यस्टरडे' अगदी बिनधास्त लिहा. हॅवचं यस्टरडेशी भांडण आहे ते तो वर्तमानकाळात एकटा उभा असतो तेव्हाच. सोबत शुड असला की दोघं हातात हात घालून फिरतात.

काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे चूक करायची नसेल तर प्रत्येक वाक्यात शुड घालावा." मी घाईघाईने नको म्हटलं, पण उशीर झाला होता. त्या दिवशी दुपारी एका ग्राहकाला 'वुई शुड हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे' असा मेल गेला. व्याकरण निर्दोष होतं. अहवाल वेळेवर गेलेला असूनही आम्ही तो पाठवायला विसरलो, एवढंच त्यात लिहिलं होतं.

ग्राहक अमेरिकन होता. त्याचं उत्तर लगेच आलं: 'डिड यू सेंड इट येट?' काकांनी ते छापून आणलं, लाल पेन काढलं आणि डिडवर गोल केला. "येट आहे म्हणजे हॅव पाहिजे. तूच सांगितलंस."

अमेरिकेत बोलताना असं सर्रास चालतं, 'आय ऑलरेडी एट' आणि 'आय जस्ट सॉ हिम'सुद्धा तिथे कुणाला खटकत नाही, हॅवचा आग्रह ब्रिटिश इंग्रजीत जास्त, असं मी सांगायला तोंड उघडलं. पण काकांनी तोवर उत्तराचा मसुदा तयार केला होता. 'डिअर सर,' त्यात लिहिलं होतं, 'काइंडली करेक्ट युअर टेन्स.' आणि ते मेल पाठवण्याआधी माझ्या पुढ्यात ठेवत म्हणाले, "जरा एक नजर टाक ना."