"काही नाही" म्हणणाऱ्या पोराशी बोलायचं कसं

अकरावी सुरू होऊन दोनतीन महिने झाले की माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचं एकच वाक्य असतं, मॅडम पोरगं बोलतच नाही आणि काही विचारलं की अंगावर येतं. मी इथे नाशिकमध्ये शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. आज सविस्तर लिहितेय कारण "वयच तसं आहे" म्हणून ही गोष्ट सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

वयाचा भाग असतोच. या वयात शरीराचं घड्याळच उशिरावर जातं, लवकर झोप येत नाही, सकाळी उठवत नाही, तो सगळा आळस नसतो. दार लावून बसणारा मुलगा संध्याकाळी मित्रांबरोबर हसतखेळत असेल, जेवत असेल, तर थोडं सोडून द्या. पण डिप्रेशनमध्ये मोठी माणसं जशी उदास दिसतात तशी मुलं दिसतीलच असं नाही, त्यांच्यात बऱ्याचदा चिडचिडच पुढे येते, डॉक्टरसुद्धा निदान करताना या वयातली चिडचिड उदासीच्या जागी धरतात. म्हणून बघायचं ते हे, की दोन आठवडे जवळजवळ रोज असं चाललंय का आणि त्याला जे आवडायचं तेही सुटलंय का.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सिडकोतलं घर, मुलगा अकरावी सायन्सला, क्लास लावलेला. क्रिकेट बंद, जेवण अर्धवट, धाकट्या बहिणीवर सारखा ओरडायचा. आई रोज जेवताना विचारायची, "काय झालंय तुला? आम्ही काय कमी केलंय?" आता या प्रश्नाला मुलगा काय उत्तर देणार, त्यात आधीच त्याच्यावर आरोप आहे आणि समोर वडील पण बसलेत. मग "काही नाही" आणि दार धाडकन बंद.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. बोलायची जागा घराबाहेर नेली, म्हणजे त्याला मागे बसवून ॲक्टिवावरून गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचं. समोरासमोर डोळ्यात बघावं लागलं नाही की मुलं जास्त बोलतात, हे मी खूप घरांत बघितलंय. आणि प्रश्नाऐवजी जे दिसलं तेवढंच सांगायचं. आई म्हणाली, "तू बरेच दिवस ग्राउंडवर गेला नाहीस, रात्री दोनला पण तुझ्या खोलीत लाईट असतो. मी रागावले नाहीये, मला काळजी वाटतेय." आणि गप्प बसली. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, पण करायचंच.

पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही. नंतरच्या एका फेरीत म्हणाला, क्लासला जायचं नाहीये. इथे बहुतेक पालक घसरतात, लगेच फी आठवते किंवा लगेच उपाय सुचवतात, "मग बॅच बदलू". दोन्ही नको. आईने एवढंच विचारलं, "तिथे गेल्यावर काय होतं तुला?" तेव्हा बाहेर आलं की टेस्टचे रँक ग्रुपवर टाकतात, हा खाली गेलाय आणि मित्रांसमोर जायची लाज वाटते. आणि मग हळूच म्हणाला, मी नसतो तर बरं झालं असतं.

अशा वेळी "असं बोलू नये रे" म्हणून तोंड बंद करायचं नाही. सरळ विचारायचं, "जीव द्यावा असं वाटतं का तुला?" विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती खोटी आहे, उलट मुलाला कळतं की हे ऐकून घेणारं कोणीतरी आहे. "हे कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. तो म्हणाला कधीकधी वाटतं, पण काही ठरवलेलं नाही. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं आणि घरातली औषधं कुलुपात गेली. आपल्याकडे दिंडोरी, निफाडच्या बाजूला द्राक्षबाग असलेल्या घरात फवारणीची औषधं ओसरीवर नाहीतर पडवीत पडलेली असतात, ती घरातून हलवा आणि कुलुपात ठेवा, खरंच हलवा, कारण असा झटका कधीकधी थोड्याच वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळात हाताला काही लागलं नाही तर जीव वाचतो. मुलाने काही ठरवलंय असं कळलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

रात्रीबेरात्री काही सुचत नसेल तर टेली मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि पालक स्वतःसुद्धा फोन करू शकतात.

त्या मुलाची ट्रीटमेंट बरेच महिने चालली. क्लास बदलायचं त्यानेच नंतर ठरवलं. अजूनही चिडतो, पण ग्राउंडवर जायला लागलाय. ॲक्टिवावरच्या फेऱ्या आईने बंद केल्या नाहीयेत, आणि त्यात अभ्यासाचा विषय तो स्वतः काढेपर्यंत काढत नाही.