68 टक्के टीएचडी खरा आहे, पण तो बसलाय कुठे?

वाचकाची प्रतिक्रिया: «एसपीडब्ल्यूएमने हार्मोनिक कमी होतात असं तुम्ही बिनधास्त लिहून टाकलं. चोपड्याकडच्या एका 5 एचपी सोलर पंपाच्या ड्राइव्हचं आउटपुट मी स्कोपवर बघितलं. लाइन व्होल्टेजचा टीएचडी 68 टक्के! साध्या सिक्स-स्टेपचा 31 टक्के असतो. मग कमी काय झालं? वर हाच पंप एप्रिल-मेमध्ये दुपारी तापून ट्रिप होतो. लेख दुरुस्त करा.»

उत्तर:

दादा, वाक्य दुरुस्त केलं आहे. ‘कमी होतात’ हे चूकच होतं. ‘वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतात’ असं हवं होतं, आणि या दोन वाक्यांतच सगळा फरक आहे.

तुमचं मोजमाप अचूक आहे. शुद्ध साइन संदर्भ घेऊन मॉड्युलेशन इंडेक्स 1 ठेवला, म्हणजे संदर्भ लाटेची उंची त्रिकोणी कॅरियरइतकीच ठेवली, तर तीन फेज ड्राइव्हच्या लाइन व्होल्टेजचा टीएचडी गणितानेही 68.6 टक्केच येतो. सिक्स-स्टेपचा, म्हणजे प्रत्येक स्विच चक्रात एकदाच चालू-बंद केला तर, 31. नुसत्या या आकड्यावर निकाल द्यायचा तर सिक्स-स्टेपच जिंकेल. पण टीएचडी म्हणजे सगळे हार्मोनिक मिळून मूळ लाटेच्या किती टक्के; तो प्रत्येक हार्मोनिकला सारखंच वजन देतो. मोटर तसं देत नाही.

कॅरियर 4 किलोहर्ट्झ आणि आउटपुट 50 हर्ट्झ धरा, म्हणजे गुणोत्तर 80. कॅरियर तिन्ही लेगना एकच असल्याने 80 वा हार्मोनिक तिन्ही फेजमध्ये सारखा येतो आणि लाइन व्होल्टेजमध्ये वजा होऊन जातो. उरतात त्याच्या दोन्ही बाजूंचे 78 वा आणि 82 वा, प्रत्येकी मूळ व्होल्टेजच्या सुमारे 32 टक्के. पुढचा मोठा गट 159 आणि 161 ला, प्रत्येकी 18 टक्के. पाचवा, सातवा, अकरावा यांच्या जागा जवळपास रिकाम्या असतात.

आता मोटरकडून बघू. हार्मोनिकच्या दृष्टीने मोटर म्हणजे मुख्यतः लीकेज इंडक्टन्स. थेट सुरू करताना मोटर सहापट करंट ओढत असेल, तर 50 हर्ट्झला हा अडथळा फुल लोडच्या इम्पिडन्सच्या एक षष्ठांश आहे, आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात तो वाढत जातो. 78 व्या हार्मोनिकला तो फुल लोडच्या इम्पिडन्सच्या साधारण 13 पट होतो, म्हणून 32 टक्के व्होल्टेज असूनही करंट जेमतेम अडीच टक्के. सिक्स-स्टेपचा पाचवा हार्मोनिक व्होल्टेजमध्ये फक्त 20 टक्के असतो, पण त्याच्यासमोर अडथळा पाच षष्ठांशच, त्यामुळे करंट 24 टक्के. सातव्याचा आणखी 12. मोटर व्होल्टेजने तापत नाही, करंटने तापते. तेव्हा स्कोपची करंट क्लॅम्प लावून एकदा करंटचा एफएफटी घ्या, चित्र उलटं दिसेल.

उन्हाळ्यातल्या ट्रिपचा मुद्दा मात्र मूळ लेखातून निसटला होता, आणि खान्देशात तोच जास्त कामाचा आहे. ड्राइव्हच्या डीसी बसवर Vdc इतकं व्होल्टेज असताना तो जास्तीत जास्त देऊ शकतो ते लाइन व्होल्टेज असं:

```
V = 0.612 × Vdc   (शुद्ध साइन)
V = 0.707 × Vdc   (तिसऱ्या हार्मोनिकची भर / स्पेस व्हेक्टर)
V = 0.78  × Vdc   (पूर्ण सिक्स-स्टेप)
```

37.5 व्होल्टची 16 पॅनेलं सिरीजमध्ये धरू. 25 अंशांना 600 व्होल्ट. मे महिन्यात दुपारी हवा 44-45 अंश असताना सेल 70 अंशांपर्यंत सहज जातो. दर अंशाला 0.4 टक्के घट धरली तर 18 टक्के गेले, डीसी बसवर उरले 492 व्होल्ट. ऊन रगड आहे, व्होल्टेज नाही. शुद्ध साइनने 301 व्होल्ट मिळतील, तिसऱ्या हार्मोनिकची भर घालून 348. मोटर 415 व्होल्ट, 50 हर्ट्झची, म्हणजे दर हर्ट्झला 8.3 व्होल्ट. 348 व्होल्टवर ती 42 हर्ट्झच पेलते.

पण ट्यूबवेल खोल असते, 42 हर्ट्झला पंपाचा हेड 70 टक्क्यांवर येतो आणि पाणी वरच येत नाही. म्हणून बसवणारा कमाल फ्रिक्वेन्सी 50 ठेवून मोकळा होतो. संदर्भ लाट मग त्रिकोणाच्या वर जाते, मधले पल्स एकमेकांना चिकटतात आणि ड्राइव्ह सिक्स-स्टेपकडे सरकतो. हेच ओव्हरमॉड्युलेशन. कॅरियर 4 किलोहर्ट्झचाच असतो, पण पाचवा आणि सातवा परत आलेले असतात. पाचवा उलटा फिरतो, सातवा सुलटा, आणि रोटरच्या बारमध्ये दोघेही 300 हर्ट्झचाच करंट तयार करतात. वरच्या पाइपाला बारीक थरथर जाणवते ती त्याचीच.

तरी सगळा दोष हार्मोनिकच्या माथी मारू नका. पूर्ण सिक्स-स्टेपलाही 384 व्होल्टच मिळतात, म्हणजे फ्लक्स साडेसात टक्के कमी. तोच टॉर्क द्यायला करंट वाढतो आणि त्याने तांब्यातला लॉस सुमारे 17 टक्के चढतो. हार्मोनिकचा स्टेटरमधला वाटा त्यावर आणखी साडेसात टक्क्यांच्या आसपास. रोटरमध्ये स्किन इफेक्टमुळे तो जास्त, आणि रोटरची उष्णता बाहेर काढणं अवघड.

हे ओळखायला स्कोपही लागत नाही. दुपारी दोनला ड्राइव्हच्या डिस्प्लेवर बस व्होल्टेज आणि आउटपुट फ्रिक्वेन्सी वाचा. फ्रिक्वेन्सी गुणिले 8.3 ही रक्कम बस गुणिले 0.707 पेक्षा मोठी आली, तर एकतर ओव्हरमॉड्युलेशन चालू आहे, नाहीतर व्होल्टेज कापलं जातंय. साधा ट्रू-आरएमएस मीटर इथे फसवतो. 492 च्या बसवर शुद्ध साइनने 301 व्होल्ट जात असताना तो 365 दाखवेल, कारण त्यात कॅरियरचा कचराही मोजला जातो. स्कोप लावणार असाल तर डिफरेन्शियल प्रोबच लावा. साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप आउटपुटला लावली की आधी क्लिप उडते. एफएफटीसाठी 200 मिलिसेकंदांचं कॅप्चर घ्या, 250 आणि 350 हर्ट्झवर कर्सर ठेवा.

कॅरियर 16 किलोहर्ट्झवर नेऊन बघू, असं बरेच जण सुचवतात. ओव्हरमॉड्युलेशनवर त्याचा काही उपयोग नाही. उलट डेड टाइम 3 मायक्रोसेकंद असेल, तर प्रत्येक लेगमधली चूक 6 व्होल्टवरून 24 व्होल्टवर जाते, आणि करंटची दिशा बदलताना चौकोनी आकाराची ही चूक स्वतःच पाचवा-सातवा आणते. शिवाय आयजीबीटी तापतो तो वेगळाच.

पॅनेल वाढवावेत तर थंडी आडवी येते. ओपन सर्किटला दर अंशाला 0.3 टक्के धरले, तर 46 व्होल्ट ओपन सर्किटच्या 16 पॅनेलांचे 10 अंशांच्या सकाळी 769 व्होल्ट होतात. ड्राइव्हची मर्यादा 800 असेल तर सतरावं पॅनेल 817 ला नेतं, आणि बंद पंपावर सकाळी तेच उभं असतं.

म्हणून माझा कौल मोटरकडे. ती 340 व्होल्टला रिवाइंड करून घ्या: वेढे 0.82 पट, तारेचं क्षेत्रफळ 1.22 पट. करंटही 1.22 पट होईल, तेव्हा ड्राइव्हचं करंट रेटिंग आणि केबलचा ड्रॉप आधी तपासा, आणि ड्राइव्हमध्ये मोटर व्होल्टेज 340 व नवा करंट भरायला विसरू नका. मग 492 च्या बसवरही पूर्ण 50 हर्ट्झ मिळतील, आणि शिल्लक 8 व्होल्ट. ड्राइव्हमध्ये तिसऱ्या हार्मोनिकची भर नसेल तर मात्र हे गणित बसत नाही. तिथे 295 व्होल्टचं वाइंडिंग लागेल.