तुकड्यांची यशोगाथा

बॉयलर विकणाऱ्या एका कंपनीने मला ३४ पानांचा अहवाल पाठवला आणि वर एकच ओळ लिहिली: "छान स्टोरी करून द्या. अडचण, उपाय, निकाल. एका पानात." अहवाल वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचा. लिहिणारा इंजिनिअर, त्यामुळे अडचण हा शब्द शोधूनही सापडेना. नवव्या पानावर 'गरभंगाचे वाढीव प्रमाण' असं काहीतरी होतं, तेवढंच. त्याआधीची आठ पानं कारखान्याच्या इतिहासाची.

शेवटी कारखान्यातच गेलो. कटरवर बसलेल्या एका मावशींना विचारलं, "पूर्वी त्रास काय व्हायचा?" हात न थांबवता त्या म्हणाल्या, "बी गरम फोडलंव तर गर सालीक चिकटान ऱ्हवता. मगे तुटता. तुकड्याक कोण इचारता?" झाली माझी अडचण लिहून. कोणाची, कुठे आणि पैसा कुठे बुडतो, सगळं तीन वाक्यांत. इंजिनिअरने त्यावर दोन आलेख काढले होते.

उपायही कळला. पूर्वी बी वाफवून निघाली की दुपारी लगेच कटरवर. आता ती रात्रभर फरशीवर पसरून ठेवतात. थंड होताना आतला गर आकसतो आणि टरफलापासून सुटतो. दुसरं म्हणजे चाळण. कटरच्या पात्यांचं अंतर एका मापाला बसवलेलं असतं. त्यात लहान-मोठी बी एकत्र गेली की मोठीचा गर कापला जातो आणि लहानीचं टरफल नीट फुटतच नाही. म्हणून आधी बी चाळून मापाप्रमाणे वेगळी करायची. आणि तिसरा उपाय अर्थातच नवा बॉयलर, ज्याच्यासाठी माझं मानधन निघणार होतं.

खरा घाम निकालाने काढला. अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक छापलं होतं: अख्खा गर ५५ टक्क्यांवरून ७५ टक्के! मी खूश. मग सवयीने तारखा पाहिल्या. 'आधी'चे आकडे भर पावसाळ्यातले, आफ्रिकेतून आलेल्या बीचे. 'नंतर'चे मे महिन्यातले, आपल्या मातीतल्या टपोऱ्या वेंगुर्ला-७ जातीच्या बीचे. बी निराळी, हवा निराळी. यात उपायाचा वाटा किती आणि बीचा किती, हे देवच जाणे.

पान २७ वर, परिशिष्टात, बारीक अक्षरात एक चाचणी होती. एकाच लॉटची बी अर्धी-अर्धी वाटून घेतलेली. अर्धी जुन्या पद्धतीने गरम फोडली, अर्धी चाळून आणि थंड करून. पहिल्या वाट्यात अख्खा गर ६० टक्के, दुसऱ्यात ७२. हा आकडा छापण्यासारखा. (इंजिनिअर लोक सोनं नेहमी परिशिष्टात का पुरतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.)

आता फोन सुरू झाले. कंपनीचा मार्केटिंगवाला म्हणाला, "साहेब, ६० चे ७२ म्हणजे २० टक्के वाढ. तेच लिहा." अर्ध्या तासाने पुन्हा, "तुकडा ४० वरून २८, म्हणजे ३० टक्के घट. हे आणखी भारी!" गणित दोन्हीकडे बरोबर. पण '२० टक्के वाढ' वाचणाऱ्याला वाटणार, शंभरात वीस गर जास्त वाचले. वाचले होते बारा. कारखान्याच्या मालकांना वेगळीच चिंता. "मगे माझ्या आजोबांचो फोटो खंय?" आणि त्यांचे हिशेबनीस: "रुपयांत काय एक लिहू नका हां."

रुपये नकोत तर किलो घेऊ. बीच्या वजनाचा अंदाजे पाव हिस्सा गर निघतो. म्हणजे एक टन बीत २५० किलो गर, आणि त्याचे बारा टक्के ३० किलो. लिहिलं: 'एका टनामागे पूर्वी जे ३० किलो तुकड्यात जायचे, ते आता अख्खे निघतात.' खाली लहान टीप: चाचणी एकाच लॉटवर, एकाच हंगामात. आजोबांना फोटोखाली दोन ओळी दिल्या.

मजकूर पाठवण्याआधी पान २७ पुन्हा वाचलं आणि पोटात गोळा आला. चाचणीतले दोन्ही वाटे नव्या बॉयलरच्या वाफेवरच वाफवले होते. म्हणजे ते ३० किलो वाचवले फरशीने आणि चाळणीने. बॉयलरचा त्यात काडीचा संबंध नाही. जुन्या बॉयलरशी तुलना अहवालात कुठेच नव्हती. मी 'बी नव्या बॉयलरच्या वाफेवर वाफवली' एवढं उपायात ठेवलं, निकालातून बॉयलर काढला आणि मार्केटिंगवाल्याला कारण फोनवरच सांगितलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने हळूच विचारलं, "साहेब, ती चाळण बनवते कोण?"