शेवभाजीच्या फोटोतील वाफ, तर्री आणि रश्श्यात लपलेली वाटी

"खाण्याचा फोटो म्हणजे जाहिरात, पंचनामा नव्हे. वाफ, कोथिंबीर, तर्रीचे ओघळ वरून घातले तरी पदार्थ तोच राहतो. मोठमोठ्या कंपन्याही हेच करतात. खाली 'फोटो केवळ प्रातिनिधिक' एवढे लिहिले की तक्रारीला जागाच नाही."

जळगाव-धुळ्याकडच्या हॉटेल आणि ढाबेवाल्यांच्या गटांत हा मजकूर फिरतो आहे. मी याच भागात मेनूकार्डांसाठी पदार्थांचे फोटो काढतो, त्यामुळे त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. उदाहरण एकच घेतो, शेवभाजीचे, कारण वाफ, सजावट आणि ओघळ हे तिन्ही प्रश्न तिच्या एका वाटीत येतात.

पहिले विधान मला मान्य आहे. दिव्यांची जागा निवडणे, वाटीची कड पुसणे, कोथिंबिरीची ताजी पाने वेचून घेणे यात कोणाची फसवणूक होत नाही. मात्र जाहिरात पाहूनच गिऱ्हाईक पैसे देण्याचे ठरवते, म्हणून तिच्यातून प्रमाण, घटक किंवा दाटपणा यांविषयी जे कळते ते खरे असावे लागते.

दुसऱ्या विधानाची चूक मला स्वतःच्या कामातून कळली. महामार्गावरील एका ढाब्यासाठी मी शेवभाजीचा फोटो काढत होतो. स्वयंपाकघरातून ताटावर जाते तेवढीच, वजन करून ५० ग्रॅम जाड शेव मी घेतली होती. रश्श्यात पडल्यावर ती दोन-तीन मिनिटांत भिजून खाली बसू लागली, तेव्हा मी खोल वाटीच्या तळाशी एक लहान वाटी पालथी ठेवली आणि तिच्यावर शेव रचली. वरून रस्सा ओतल्यावर आतली वाटी दिसेनाशी झाली आणि शेवेचा ढीग मात्र वर राहिला. शेवेचा एक कणही मी जास्त घातला नव्हता. तरीही महिनाभरात मालकांचा फोन आला, "भाऊ, गिऱ्हाईक फोटो दाखवून विचारतं, बाकीची शेव कुठे गेली?" ते गिऱ्हाईक बरोबर होते. वर एवढी शेव दिसते तर खालीही असणार, असे कोणीही धरून चालेल, आणि माझ्या फोटोत खाली पालथी वाटी होती.

मोठ्या कंपन्यांचा दाखला तर या मजकुराच्या विरुद्धच जातो. अमेरिकेत कॅम्पबेल या कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत बाऊलच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकून भाज्या पृष्ठभागावर आणल्या होत्या, आणि तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७० मध्ये असे करण्यास मनाई करणारा आदेश काढला. माझी पालथी वाटी म्हणजे त्याच गोट्या होत्या. त्याआधी १९६५ मध्ये कोलगेट-पामोलिव्हच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नातला एक उपयोगी भेद स्पष्ट केला होता. दिव्यांच्या उष्णतेने आइस्क्रीम वितळते म्हणून एखाद्या दृश्यात त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवणे वेगळे, आणि तोच बटाटा दाखवून आइस्क्रीमचा पोत व रंग किती उत्तम आहे हे पटवणे वेगळे. फोटोत घातलेली वस्तू विकल्या जाणाऱ्या गुणाचा पुरावा म्हणून उभी राहते का, एवढे पाहिले तर आपल्याकडचे बहुतेक प्रश्न सुटतात.

हा भेद वाफेला लावून पाहावा. गरम पदार्थाची वाफ कॅमेऱ्यात येत नाही, ही अडचण खरी आहे आणि खान्देशात ती अधिक जाणवते. वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर असताना कोरडी गरम हवा बाष्प सामावून घेते, त्याचे पांढरे धुके दिसण्याइतके थेंब बनत नाहीत, त्यामुळे उकळता रस्साही फोटोत थंड वाटतो. शेवभाजीत आणखी एक गोष्ट घडते. तर्री म्हणजे पृष्ठभागावर तरंगणारे तेल. त्याचा सलग थर खालच्या पाण्याचे बाष्पीभवन अडवतो, आणि म्हणून भरपूर तर्रीच्या वाटीतून चमचा फिरवेपर्यंत फारशी वाफ निघत नाही. अखंड लाल तर्रीवर दाट ढग उठलेला फोटो म्हणूनच जाणत्या माणसाला खोटा वाटतो.

खरी वाफ टिपण्यासाठी थंडीतली सकाळ किंवा वातानुकूलित खोली निवडावी, पंखा बंद ठेवावा, वाटीमागे काळे कापड लावावे आणि दिवा मागून, किंचित बाजूने द्यावा, म्हणजे धुके उजळून दिसते. मग चमच्याने तर्री फोडून लगेच फोटो घ्यावा. तेही जमले नाही तर कॅमेरा न हलवता, त्याच दिव्यात, काळ्या कापडापुढे गरम पाण्याच्या वाटीची वाफ वेगळी टिपावी, फोटोशॉपमध्ये ती वरच्या थरात ठेवून Screen हा पर्याय निवडावा, म्हणजे काळा भाग नाहीसा होऊन केवळ वाफ उरते, आणि मग ती बरीच फिकी करावी. ताटावर खरोखर वाफाळती येणाऱ्या भाजीला अशी वाफ जोडणे मी प्रामाणिक मानतो, कारण गिऱ्हाइकाला गरम भाजी मिळतेच. सकाळी करून ठेवलेली आणि कोमटच वाढली जाणारी भाजी असेल, तर तीच वाफ खोटे बोलते.

ओघळांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. वाटीच्या बाहेरून उतरणारा ओघळ रश्श्याचा दाटपणा सांगतो. पातळ रस्सा झरकन खाली जातो आणि मागे तेलाची फिकट रेघ ठेवतो. मक्याचे पीठ किंवा ग्लिसरीन मिसळलेला ओघळ मात्र जाड, गोल टोकाचा होऊन मध्येच थांबतो. ओघळ हवाच असेल तर तो त्याच पातेल्यातील रश्श्याचा, ड्रॉपरने सोडलेला असावा. तर्रीचेही तसेच आहे. पातेले दहा मिनिटे स्थिर ठेवून वरचाच डाव फोटोच्या वाटीत घेतला, तर तेल त्याच भाजीचे असूनही ती वाटी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येत नाही. वाढपी जसा डाव ढवळून घेतो तसाच आपणही घ्यावा. कोथिंबिरीविषयी वाद घालण्यासारखे काही नाही. काजू, तूप किंवा लिंबू-कांदा मात्र त्याच किमतीत ताटात येत असेल तरच फोटोत ठेवावा.

शेवटच्या विधानाला आपल्याच देशात उत्तर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना लागू झाल्या. त्यांनुसार खुलाशाची ओळ मूळ दाव्याचे स्पष्टीकरण करू शकते, पण जाहिरातीच्या मुख्य संदेशाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. "ताट-वाटीचा रंग वेगळा असू शकतो" ही ओळ त्यात बसेल. फोटोत ढीगभर शेव दाखवून खाली "प्रातिनिधिक" म्हणणे बसणार नाही.

त्या ढाब्याचा फोटो मी विनामूल्य पुन्हा काढला. आधी एका रिकाम्या वाटीवर चौकट, दिवा आणि फोकस पक्के केले, मग रश्श्याची खरी वाटी तिथे ठेवून आचाऱ्याला शेव माझ्यासमोरच टाकायला सांगितली आणि पहिल्या वीस सेकंदांत फोटो घेतले. शेव अजून भिजलेली नसल्याने बरीचशी वर दिसत होती. तिथे शेव ताट उचलतानाच टाकतात, त्यामुळे गिऱ्हाइकासमोरही ती तशीच येते. ढीग गेला. मालकांनी तो फोटो जुन्या मेनूकार्डावर चिकटवून घेतला.