ईएलएमध्ये चमकलं म्हणजे फोटो फेक?

फोटोतली छेडछाड शोधायला ईएलए, म्हणजे एरर लेव्हल ॲनालिसिस, हे टूल वापरतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका बॅनरच्या फोटोबद्दल कुणीतरी म्हणतंय:

"ईएलए करून बघा, बॅनरवरची अक्षरं कशी चमकतायत, नंतर चिकटवलीत!"

नाही हो. ते टूल फोटो साधारण ९५ टक्के क्वालिटीवर परत जेपीईजी सेव्ह करतं आणि आधीच्या-नंतरच्या पिक्सेलमधला फरक उजळून दाखवतं, बस. लाल कापडावर ठळक पांढरी अक्षरं म्हटल्यावर कडांना फरक जास्त येणारच, अगदी खऱ्या फोटोतही, आणि मागचं मोकळं आभाळ काळंच दिसणार. तुलना करायचीच तर तशाच दुसऱ्या अक्षरांशी करा, शेजारच्या दुकानाची पाटीही तेवढीच चमकतेय की! त्यात हा फोटो व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस झालेला, म्हणजे खरंच काही चिकटवलं असतं तरी त्याचा माग बहुतेक पुसलाच गेला असता. आधी मूळ फाइल मिळवा.