‘ओनर्स रिस्क’ छापलं म्हणून व्हॅले किंवा गॅरेजवाला सुटत नाही

फिरत असलेला मेसेज असा आहे: “हॉटेलच्या व्हॅले टोकनवर किंवा गॅरेजच्या पावतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असेल, तर गाडी ठोकली काय, चोरीला गेली काय, एक रुपया मिळत नाही. पार्किंग फुकट असेल तर तोंडच उघडू नका. नुकसान त्यांच्याकडेच झालं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, ते कधीच होत नाही. विम्यातून घ्या आणि विसरा.”

आधी त्या छापील ओळीचं बघू, कारण बाकीचा सगळा मेसेज तिच्यावरच उभा आहे.

तुम्ही किल्ली दुसऱ्याच्या हातात देता आणि काम झाल्यावर गाडी परत मिळायची असते, तेव्हा १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तो ‘बेलमेंट’चा व्यवहार होतो आणि गाडी ताब्यात घेणारा ‘बेली’ ठरतो. याच कायद्याचं कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी बेलीने घ्यायची. आता पावतीवरच्या एका ओळीने हे कर्तव्य पुसता येतं का? हाच प्रश्न दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ मध्ये एका पाहुण्याने आपली मारुती झेन तिथल्या व्हॅलेकडे दिली. टोकनवर अट होती की गाडी पाहुण्याच्या जोखमीवर उभी केली आहे, नुकसान किंवा चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. काही पोरांनी किल्ली उचलली आणि गाडी घेऊन गेली.

निकाल २०१९ मध्ये लागला. न्यायालयाने म्हटलं की गाडी एकदा ताब्यात घेतली की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशी अट घालून झटकता येत नाही. नुकसान आपल्या हयगयीमुळे झालेलं नाही, हे आधी हॉटेलने दाखवायचं. ते दाखवलं तरच अटीचा विचार होणार, आणि घडलेला प्रकार त्या अटीत बसतो हेही हॉटेलनेच सिद्ध करायचं. म्हणजे ती ओळ अगदीच निरर्थक नाही, पण तिची पाळी शेवटी येते. काउंटरवरचा माणूस मात्र ती सगळ्यात आधी दाखवतो.

मेसेजमध्ये खरेपणाचा अंश आहे तो इथे. बेली म्हणजे विमा कंपनी नव्हे. कलम १५२ प्रमाणे योग्य ती काळजी घेऊनही वादळात झाड पडून काच फुटली, तर वेगळा करार नसेल तोवर त्याच्याकडून भरपाई मिळत नाही. हॉटेलवर चूक नसतानाही जबाबदारी टाकावी, हा युक्तिवाद त्याच निकालात न्यायालयाने नाकारला. आणि गाडी तुम्हीच लावली, किल्ली खिशात ठेवली, फक्त गेटवर चिठ्ठी घेतली, तर बहुधा बेलमेंट झालेलंच नसतं. तिथे तुम्ही नुसती जागा वापरता. किल्ली कोणाकडे होती, या एका गोष्टीवर अर्धी केस ठरते.

फुकट पार्किंगचा मुद्दा लवकर संपतो. कलम १५१ ची सुरुवातच बेलमेंटच्या सर्व प्रकरणांना ते लागू असल्याचं सांगून होते. पैसे घेतले की नाही यावर काळजीची पातळी बदलत नाही. शिवाय हॉटेलमधलं फुकट पार्किंग खरं फुकट नसतंच. त्याचा खर्च खोलीच्या आणि जेवणाच्या बिलात मुरलेला असतो, आणि न्यायालयानेही तो तसाच धरला.

आता पुराव्याकडे येऊ. नुकसान कसं झालं हे तुम्हाला सिद्ध करायचं नसतं. ते तुम्हाला कळणार तरी कसं, तुम्ही तिथे नव्हताच. तुम्ही दोनच गोष्टी दाखवायच्या: गाडी कोणत्या स्थितीत दिली आणि कोणत्या स्थितीत परत मिळाली. पुढचा खुलासा गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याने करायचा. लोक हरतात ते पहिल्या गोष्टीत.

समजा क्लचच्या कामासाठी गाडी गॅरेजला दिली. जॉब कार्डवर गाडीचं छोटं चित्र असतं आणि जुने ओरखडे, पोचे त्यावर खुणा करून दाखवायचे असतात. सुपरवायझर घाईत तो भाग कोरा सोडतो आणि खाली तुमची सही घेतो. खुणा नसलेलं चित्र तुमच्या बाजूनेच बोलतं, पण मूळ प्रत गॅरेजमध्ये राहते, म्हणून तिचा फोटो तिथेच काढा. सोबत गाडीच्या चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो घ्या. समजा मीटर ४१,२३० दाखवतंय. तिसऱ्या दिवशी गाडी मिळते तेव्हा मागच्या डाव्या दारावर पोचा आहे आणि मीटर ४१,२९२ वर आहे. क्लचची ट्रायल मारायला ६२ किलोमीटर लागत नाहीत.

हा आकडा पोच्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. कलम १५४ नुसार ठरलेल्या कामाबाहेर गाडी वापरली आणि त्या वापरात नुकसान झालं, तर चालवणाऱ्याने कितीही जपून चालवली असली तरी बेलीला भरपाई द्यावी लागते. मग ‘आमच्या पोराची चूक नव्हती, मागून बाइकवाला घुसला’ हा बचाव चालत नाही. तेव्हा आधी वाद घालायचा तो किलोमीटरवर, पोच्यावर नंतर.

गाडी ताब्यात घेतानाच्या चुका जास्त महागात पडतात. डिलिव्हरीच्या कागदावर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ असं छापलेलं असतं आणि सही केल्याशिवाय गेटपास मिळत नाही. सही करा, पण तिच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘मागील डाव्या दारावर नवा पोचा, मीटर ४१,२९२, तक्रार कायम ठेवून गाडी घेत आहे.’ लिहू देत नसतील तर गेटबाहेर पडायच्या आधी तेवढाच मजकूर फोटोसकट त्यांच्या व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवर टाका. त्याच मेसेजमध्ये त्या तीन दिवसांचं सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगा. रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं, आणि तोंडी मागणी झाली होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.

रागाच्या भरात बिल मात्र अडवू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी रोखून धरायचा हक्क कलम १७० गॅरेजला देतं. क्लचचे पैसे ‘तक्रार कायम ठेवून’ असं लिहून भरा आणि पोच्याची भरपाई वेगळी मागा.

राहिला विमा. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणावेळी नो क्लेम बोनसवर पाणी पडतं, आणि हा बोनस ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो. सक्तीची वजावट खिशातून जाते ती वेगळीच. लहान पोच्यासाठी दुसऱ्याची चूक स्वतःच्या पॉलिसीवर घेण्यात अर्थ नाही. नुकसान मोठं असेल तर क्लेम जरूर करा, पण ‘विसरा’ हा सल्ला तिथेही चुकीचाच. भरपाई दिल्यावर तुमचा हक्क विमा कंपनीकडे जातो आणि ती दोषी माणसावर दावा लावू शकते. ताजच्या प्रकरणात विमा कंपनीने २.८० लाख रुपये दिले होते आणि मग पाहुण्याबरोबर तीच हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात गेली. म्हणून क्लेम मंजूर होण्याआधी हॉटेलला किंवा गॅरेजला ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. तुम्ही सोडून दिलेला हक्क कंपनीलाही वापरता येत नाही, आणि त्यावरून ती तुमचाच क्लेम अडवू शकते. ग्राहक आयोगात जायची मुदत घटना घडल्यापासून २ वर्षं आहे, आणि गॅरेजशी तोंडी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.