फोल्डर आवरा म्हणे!

काल सकाळी आमच्या लीडचा मेल आला की ३१ डिसेंबरच्या आत सगळ्यांनी आपापली जुनी प्रोजेक्ट फोल्डर्स नीट आवरून आर्काइव्हला टाका, ऑफिसचा सामाईक पी ड्राइव्ह भरत आलाय. तीन ओळींचा मेल, खाली हात जोडलेला इमोजी. माझ्या शेजारच्या टेबलवरचा पोरगा "थई जशे" म्हणाला आणि दुपारच्या चहापर्यंत त्याने फोल्डर्सची नावं बदलायला घेतली पण. ०१, ०२, ०३ लावून, एकदम छान ओळीत. मी म्हटलं अरे थांब बाबा, तू नको हात लावूस.

माझं म्हणणं एवढंच आहे की आवरणं आणि आर्काइव्ह करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच वाक्यात लिहिली की लोक दोन्ही एकदम करतात आणि मग दीड वर्षाने कुणीतरी रडतं. मागच्या वेळी मी रडले होते म्हणून सांगतेय.

आमचं ऑफिस डिझाइनचं, वडोदऱ्यात अशी गल्लोगल्ली आहेत. दहेज-अंकलेश्वरकडच्या प्लांटची पाइपिंग ड्रॉइंग्ज करतो. आता ऑटोकॅडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचं एक ड्रॉइंग म्हणजे एक फाइल नसते. पाइपिंग लेआउटमध्ये खाली सिव्हिलवाल्यांचा कॉलम ग्रिड असतो, इक्विपमेंट लेआउट असतो, आणि ते त्या फाइलमध्ये कॉपी केलेले नसतात, नुसते बोलावलेले असतात. एक्सरेफ म्हणतात. फाइलमध्ये फक्त पत्ता असतो की ग्रिड अमुक फोल्डरमध्ये आहे, तिथून उचल.

माझ्या सासूबाईंच्या वहीत लिहिलंय, "गोडा मसाला, वरच्या फळीवर निळा डबा." अगदी तसं. वही तुम्ही जपून ठेवली, पण डबा बदलला की संपलं.

हा पत्ता दोन तऱ्हेचा असतो. एक पूर्ण पत्ता, म्हणजे पी ड्राइव्ह, मग वर्ष, मग प्रोजेक्ट, मग फोल्डर, असा ड्राइव्हच्या अक्षरापासून. दुसरा रिलेटिव्ह, म्हणजे "मी जिथे आहे तिथून एक पायरी वर जा आणि शेजारच्या फोल्डरमध्ये बघ". ऑटोकॅड २०१८ पासून नवीन एक्सरेफ जोडताना आपोआप रिलेटिव्ह येतो, त्याआधी पूर्ण पत्ता यायचा. पण जुन्या फाइलमधला पूर्ण पत्ता नवीन व्हर्जनमध्ये उघडली म्हणून बदलत नाही, आणि आमच्याकडे तर जुन्या जॉबमधून फाइल उचलून नवीन जॉब सुरू करायची पद्धत, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दोन्ही तऱ्हेचे पत्ते सापडतात. पूर्ण पत्तावाली फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर गेली की तुटते. रिलेटिव्हवाली सगळं फोल्डर जसंच्या तसं हलवलं तर वाचते, पण आत `Xref` चं नाव बदलून `01_References` केलं की तीही तुटते. म्हणजे आवरलं की तुटतं!

आमचं नेमकं हेच झालं होतं. एक बंद झालेला जॉब, बेचाळीस ड्रॉइंग्ज, कुणीतरी डिसेंबरात मन लावून आवरला आणि आर्काइव्हला हलवला. चौदा महिन्यांनी क्लायंटला त्याच प्लांटचं एक्सटेन्शन हवं होतं. लेआउट उघडला तर पाइप दिसतायत, पण कॉलमच्या जागी नुसती एक बारीक ओळ, फाइलच्या पत्त्याची. `XREF` टाकून यादी बघितली तर सगळीकडे `Not Found`. आम्ही दोघी तीन दिवस एकेक पत्ता परत जोडत बसलो.

त्यात खरी भीती ही नव्हती. न सापडलेली फाइल निदान दिसते तरी. भीती चुकीची सापडण्याची. ग्रिडच्या तीन फाइली होत्या, जवळजवळ एकच नाव, आणि आम्ही घाईत जुन्या रिव्हिजनची जोडली. सगळं छान दिसत होतं. चेकिंगला दिलं तेव्हा आमच्या सरांनी क्लायंटला गेलेली जुनी पीडीएफ शेजारी ठेवली आणि विचारलं, हा कॉलम ३०० मिलिमीटर सरकला कसा? बरं झालं ती पीडीएफ कुणी "डुप्लिकेट" म्हणून उडवली नव्हती. क्लायंटला गेलेल्या पीडीएफ आणि त्या पाठवल्याची नोंद असलेली ट्रान्समिटल्स कितीही जुनी असोत, मी कधीच उडवत नाही. उडवायचंच असेल तर ऑटोकॅडने आपणहून बनवलेल्या बॅकअप, ऑटोसेव्ह आणि लॉकच्या फाइली, म्हणजे `.bak`, `.sv$`, `.dwl` वगैरे उडवा, जॉब बंद आहे आणि ड्रॉइंग नीट उघडतंय हे बघून. आमच्याकडे त्यानेसुद्धा बरीच जागा निघते.

मग मी कसं करते? आतलं एकही नाव बदलत नाही. प्रत्येक मुख्य ड्रॉइंगवर `ETRANSMIT` चालवते, ते त्या ड्रॉइंगला लागणारे सगळे एक्सरेफ आणि प्लॉट स्टाइल गोळा करून एक पॅकेज बनवतं. फॉन्टची टिक मात्र आपण बघून लावायची. काही सापडत नसेल तर ते रिपोर्टमध्ये सांगतं, तो रिपोर्ट वाचायचा. (कुणी वाचत नाही.) मग पूर्ण फोल्डर माउसने ओढून नाही, विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने कॉपी करते:

```
robocopy "P:\2021\P-2114" "R:\Archive\P-2114" /E /DCOPY:DAT /R:2 /W:5 /LOG:C:\Temp\P-2114.txt
```

`/R` आणि `/W` विसरू नका, नाहीतर कुणाची एखादी फाइल लॉक असेल तर ते दर तीस सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, खोटं नाही सांगत, डिफॉल्टच तेवढं आहे. आणि `/MOVE` तर अजिबात नको, ते कॉपी झाली की मूळ उडवतं आणि तपासणी तर बाकी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला स्वतःला फार उशिरा कळलं. कॉपी झाली की लोक आर्काइव्हमधली फाइल उघडून बघतात, सगळं दिसतं, ओके म्हणतात आणि मूळ फोल्डर उडवतात. पण पूर्ण पत्तावाल्या फाइलने ग्रिड कुठून आणला? पी ड्राइव्हवरून! मूळ फोल्डर अजून तिथेच होतं ना. म्हणजे परीक्षा पास झाली ती कॉपी करून. म्हणून आधी मूळ फोल्डरचं नाव बदलायचं, नुसतं शेवटी `_x` लावायचं, ऑटोकॅड बंद करून परत चालू करायचं, आणि मग आर्काइव्हमधलं उघडायचं. तेव्हा खरं काय ते कळतं. तीन-चार ड्रॉइंग्ज बघा, सगळ्यात गुंतागुंतीची, आणि शेजारी पीडीएफ ठेवा.

हे सगळं मी लीडना लिहून पाठवलं, जरा लांबलंच. म्हटलं ३१ पर्यंत कॉपी होईल, पण मूळ काही उत्तरायणाच्या आधी उडवायला लावू नका, महिनाभर `_x` लावून पडू दे. ते म्हणाले, बेन, जागेचं काय? मी म्हटलं ते `.bak` बघा आधी.

आज दुपारी तीनला मी माझ्या P-2114 ला `_x` लावलं. जॉब दोन वर्षांपूर्वी बंद झालाय, यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. साडेचारला पर्चेसमधून फोन, "बेन, मारी एक्सेल क्यां गई?" त्यांची चालू जॉबची रेट शीट त्या फोल्डरमधल्या व्हॉल्व्हच्या यादीला लिंक केलेली. नाव परत होतं तसं केलं आणि लीडना कळवलं, यादीतून एक फोल्डर कमी करा.